लाईट असली की ट्रिप, लाईट गेली की सगळं ठीक: हायब्रिड इन्व्हर्टरच्या बॅकअपला न्यूट्रल-अर्थ कुठे जोडायचा

मे महिन्यात एका काकांचा फोन आला. नाशिकच्या बाहेरच्या बाजूला बंगला, ५ किलोवॅटचा सिंगल फेज हायब्रिड सोलर इन्व्हर्टर, लिथियम बॅटरी, सगळं नवंकोरं. तक्रार अशी की रोज संध्याकाळी सात-साडेसातला मेनची आरसीसीबी, म्हणजे करंट लीक झाला की वीज तोडणारा स्विच, पडते, पण घरात कोणाला कळतच नाही, कारण इन्व्हर्टर लगेच बॅटरीवर जातो आणि टीव्ही चालूच राहतो. कळतं कधी, तर रात्री अडीच वाजता बॅटरी संपून पंखे बंद पडतात तेव्हा. काका टॉर्च घेऊन खाली जातात, आरसीसीबी वर करतात, सगळं चालू, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत तेच.

आधीच्या इन्स्टॉलरने सांगितलं होतं की "आरसीसीबी खराब आहे, काढून साधा आयसोलेटर टाकू." काकांनी टाकू दिला नाही हे नशीब. का ते पुढे येईलच.

बॅकअपची डीबी, म्हणजे लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर चालणाऱ्या लोडची डिस्ट्रिब्युशन पेटी, उघडली तर न्यूट्रल लिंक आणि अर्थ लिंकच्या मध्ये दीड चौरस मिमीचा हिरवा तुकडा, दोन्हीकडे स्क्रू आवळून बसवलेला. मूळ आजार तोच. पण नुसता तो तुकडा काढून घरी गेलो असतो तर ट्रिपिंग थांबलं असतं आणि एक दुसरा, न दिसणारा प्रॉब्लेम तयार झाला असता. म्हणून हे सगळं नीट लिहितोय.

आधी आपल्या घराची सप्लाय समजून घ्या

महाराष्ट्रात साध्या घरगुती कनेक्शनला पोलवरून मीटरपर्यंत दोनच वायरी येतात, फेज आणि न्यूट्रल. अर्थ येत नाही. अर्थ आपण आपल्या अंगणात खड्डा करून बनवतो. न्यूट्रल अर्थला जोडलेला असतो तो तिकडे ट्रान्सफॉर्मरपाशी, त्यांच्या खड्ड्यात. म्हणजे आपला अर्थ आणि न्यूट्रल हे दोघं भेटतात ते फक्त जमिनीतून, लांबून. या पद्धतीला टीटी म्हणतात, आणि तिचा पहिला नियम हा की ग्राहकाने आपल्या घरात न्यूट्रल आणि अर्थ एकत्र करायचा नाही. काही देशांत सप्लाय कंपनी मेन पॅनलमध्येच हे दोन्ही जोडून देते, तिकडचे व्हिडिओ बघून आपल्याकडे तसं करू नका, निम्मे घोळ तिथूनच आलेत.

आता आरसीसीबी काय बघते? फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच. बाकी तिला काही कळत नाही. फरक ३० मिलिअँपला पोचला की तिने पडायलाच पाहिजे, आणि १५ च्या खाली पडता कामा नये. मधल्या भागात कुठेही पडू शकते. हे १५ आणि ३० लक्षात ठेवा, पुढे लागतील.

लाईट गेल्यावर इन्व्हर्टरच्या आत काय होतं

लाईट असताना बॅकअपच्या टर्मिनलवर जी वीज मिळते ती आतल्या रिलेमधून थेट ग्रिडशी जोडलेली असते, म्हणजे बॅकअपचा न्यूट्रल हा पोलवरचाच न्यूट्रल असतो आणि त्याला ट्रान्सफॉर्मरपाशी अर्थ आपोआप मिळालेला असतो. लाईट गेली की रिले उघडतो. बहुतेक हायब्रिडमध्ये तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो, जेणेकरून आपली वीज चुकून लाईनवर जाऊन पोलवर चढलेल्या माणसाला लागू नये. त्या क्षणी बॅकअपचा न्यूट्रल सगळ्यांपासून सुटा होतो. इन्व्हर्टर दोन वायरींमध्ये २३० व्होल्ट देतोय पण त्यातली कुठलीच वायर जमिनीशी बांधलेली नाही. न्यूट्रल फक्त नावाला न्यूट्रल.

अशा वेळी टेस्टर लावला की दोन्ही वायरींवर मंद पेटतो. घरातल्या टीव्ही, राउटर, फ्रिज यांच्या आतल्या फिल्टरच्या छोट्या कपॅसिटरमुळे दोन्ही वायरी जमिनीपासून साधारण निम्म्या निम्म्या व्होल्टेजवर तरंगत असतात. वायरमन म्हणतो "न्यूट्रलला फेज येतोय". काकांकडे हेच झालं होतं. बसवल्यावर आठवड्याभरात कोणीतरी टेस्टर लावला, दोन्हीकडे पेटला, इन्स्टॉलरला बोलावलं, त्याने लिंकमध्ये तो हिरवा तुकडा, म्हणजे जंपर, मारला आणि न्यूट्रलवरचा टेस्टर विझला. तक्रार बंद. हेतू वाईट नव्हता, जागा चुकली.

सुट्या न्यूट्रलचा खरा तोटा टेस्टर पेटतो हा नाहीच. समजा लाईट गेलेली असताना मिक्सरच्या बॉडीला आतून फेज लागला. करंट बॉडीतून अर्थच्या वायरीत जाईल, पण अर्थमधून इन्व्हर्टरच्या न्यूट्रलकडे परत यायला वाटच नाही, मग तो वाहणारच नाही, आणि आरसीसीबीला फरक दिसणारच नाही. एकट्या फॉल्टने कोणाला मोठा झटका बसत नाही हे खरं, पण फॉल्ट लपून राहतो आणि दुसरीकडे दुसरा फॉल्ट झाला की मग काय होईल सांगता येत नाही. आरसीसीबी त्या वेळी डीबीतली शोभेची वस्तू.

म्हणजे आपल्याला हवंय ते असं: लाईट असताना घरात बाँड, म्हणजे न्यूट्रल-अर्थची जोडणी, अजिबात नको, आणि इन्व्हर्टर ग्रिडपासून सुटला की लगेच बाँड हवा, तोही बॅकअपच्या आरसीसीबीच्या आधी, इन्व्हर्टरच्या बाजूला. कायमचा तुकडा टाकून हे जमत नाही. जोडणारा आणि सोडणारा रिलेच पाहिजे.

कायमचा जंपर आरसीसीबीला का पाडतो, काकांच्या आकड्यांत

जंपर काढून मी मीटरने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज बघितलं. दुपारी तीनला ०.४ व्होल्ट. संध्याकाळी साडेसातला परत बघितलं तर ३.१ व्होल्ट. हे व्होल्टेज येतं कुठून? पोलवरच्या न्यूट्रल वायरीला स्वतःचा थोडा रेझिस्टन्स असतो, त्यातून आपला आणि शेजाऱ्यांचा करंट परत जातो आणि वाटेत थोडा व्होल्टेज ड्रॉप होतो. संध्याकाळी सगळ्यांचे एसी, पंप, शेगड्या चालू, ड्रॉप जास्त.

काकांचा अर्थचा खड्डा मे महिन्यात वाळून खडखडीत, अर्थ टेस्टरवर ४५ ओहम. ट्रान्सफॉर्मरकडचा दोन-एक धरला तर जमिनीची वाट साधारण ४७ ओहमची झाली. आता जंपर आहे असं समजा. दुपारी ०.४ भागिले ४७, म्हणजे साधारण ८-९ मिलिअँप जमिनीतून जातो. १५ च्या खाली, आरसीसीबी शांत. संध्याकाळी ३.१ भागिले ४७, म्हणजे साधारण ६६ मिलिअँप. न्यूट्रलमधून परत यायचा करंट जंपरवरून अर्थमध्ये पळाला, मेनच्या आरसीसीबीला ६६ चा फरक दिसला, पडली. तिचं काहीही चुकलं नव्हतं.

इथे एक गंमत आहे. घरातला सगळा लोड बंद केला तरी ती पडते, कारण न्यूट्रलवरचं व्होल्टेज शेजाऱ्यांच्या लोडने आलंय. साध्या सिंगल पोल एमसीबी खाली केल्या तरी फरक नाही, त्या फेज तोडतात, न्यूट्रल नाही. म्हणून "एकेक एमसीबी खाली करून कुठला पॉइंट लीक आहे ते शोधा" हा नेहमीचा उपाय इथे तुम्हाला दिवसभर फिरवतो आणि हाती काही लागत नाही. काकांच्या आधीच्या माणसाने अर्धा दिवस तेच केलं होतं.

दुसरी गंमत, खड्डा जितका चांगला तितकं ट्रिपिंग जास्त. पावसाळ्यात तोच खड्डा ८ ओहमवर आला तर पूर्ण वाट १० ओहमची, मग दुपारच्या ०.४ व्होल्टलाही ४० मिलिअँप आणि आरसीसीबी दिवसभर पडत राहणार. लोकांना वाटतं पाणी मुरलं म्हणून अर्थिंग खराब झालं, आणि काही महाभाग तर अर्थची वायरच सोडून ठेवतात! ट्रिपिंग थांबतं, हो, पण घरातल्या सगळ्या बॉडी अर्थशिवाय.

काकांच्या सिस्टीमला नेट मीटर अजून मंजूर नव्हतं म्हणून झिरो एक्सपोर्टवर होती, म्हणजे जादा वीज ग्रिडला देत नव्हती. एक्सपोर्ट चालू असती तर भर दुपारीही त्या उलट्या करंटने न्यूट्रलवर ड्रॉप आला असता आणि ट्रिपची वेळ वेगळी दिसली असती. म्हणून वेळ बघून निष्कर्ष काढताना सोलर काय करतोय तेही बघा.

आणि आरसीसीबी काढून आयसोलेटर टाकला असता तर? जंपर तसाच, ट्रिपिंग बंद, सगळे खूश. मग एक दिवस वादळात रस्त्यावरचा न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला तुटतो. तुटलेल्या टोकाच्या पुढची जेवढी घरं आहेत त्यांचा सगळा करंट परत जायला वाट शोधतो, आणि वाट एकच, काकांच्या डीबीतला तो हिरवा तुकडा आणि अंगणातला खड्डा. ४५ ओहमच्या खड्ड्यातून थोडे अँपियर जायला लागले तरी घरातल्या फ्रिजची, वॉशिंग मशीनची, गिझरची बॉडी शंभर व्होल्टच्या वर जाऊ शकते. आपल्या घरात काहीही बिघाड नसताना. आरसीसीबी जागेवर असली तर ती दोन्ही पोल तोडून हे थांबवते. रोज संध्याकाळी ती हेच तर सांगत होती.

पायरी १: न्यूट्रल तुटतो की नाही ते तपासा

हे लाईव्ह पॅनलवरचं काम आहे. लायसन्सवाला वायरमन करेल, घरमालकाने बाजूला उभं राहून बघावं, स्वतः हात घालू नये. हातात मल्टीमीटर आणि एक टेस्ट लॅम्प पाहिजे, साधा १५ वॅटचा फिलामेंटवाला बल्ब, होल्डर आणि दोन इन्सुलेटेड प्रोब. लॅम्प कशाला तर मीटर तरंगत्या वायरीवर पण ९०-११० व्होल्ट दाखवतो आणि माणूस फसतो. त्या फसव्या व्होल्टेजमध्ये बल्ब पेटवण्याइतका दम नसतो, बल्ब लावला की ते गळून पडतं.

जंपर काढून ठेवा. जंपर काढताना मेनचा डीपी, म्हणजे फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा मेन स्विच, इन्व्हर्टरचा बॅकअप, बॅटरी, सोलरचा डीसी, सगळं बंद, आणि पाचेक मिनिटं थांबा, आतले कपॅसिटर चार्ज असतात. किती थांबायचं ते मशीनवरच लिहिलेलं असतं, तेवढं थांबा. मग सगळं परत चालू करा.

आता फक्त फेज तोडून लाईट घालवा, न्यूट्रल जोडलेलाच ठेवून. मेनला सिंगल पोल एमसीबी असेल तर ती खाली करा, नसेल तर खऱ्या लोडशेडिंगची वाट बघा, आपल्याकडे फार वाट बघावी लागत नाही. इन्व्हर्टर बॅकअपवर गेला की बॅकअपच्या फेज-अर्थमध्ये आणि न्यूट्रल-अर्थमध्ये लॅम्प लावा. लिहून ठेवा. मग मेनचा डीपी पण खाली करा, म्हणजे ग्रिडचा न्यूट्रलही सुटला, आणि तेच दोन्ही परत बघा.

दोन्ही वेळा फेज-अर्थमध्ये लॅम्प नीट पेटला (किंवा बॅकअपची आरसीसीबी पडली) आणि न्यूट्रल-अर्थ शून्य, तर आतला बाँड रिले काम करतोय, तुम्हाला वायरिंगमध्ये काही जोडायचं नाही. पहिल्या वेळी पेटला आणि डीपी खाली केल्यावर विझला, तर इन्व्हर्टर न्यूट्रल तोडत नाही, तो बाहेरच्या न्यूट्रलकडून अर्थ उसना घेतोय. अशा मशीनला बाँड रिले लावायचा नाही, कारण तो थेट पोलच्या न्यूट्रलला तुमच्या खड्ड्याशी बांधेल. पण उसना अर्थ मेनचा डीपी किंवा मेनची आरसीसीबी पडली की जातो हे विसरू नका. दोन्ही वेळा पेटलाच नाही, तर न्यूट्रल तुटतो आणि बाँड नाही. काकांचं मशीन या तिसऱ्या प्रकारात.

एक चौथा प्रकार कधीतरी सापडतो, न्यूट्रल-अर्थमध्येसुद्धा लॅम्प पिवळट, अर्ध्या तेजाने पेटतो आणि तसाच राहतो. म्हणजे त्या मशीनचं आउटपुट मधोमध अर्थला बांधलंय, दोन्ही वायरी जमिनीपासून साधारण ११५ व्होल्टवर, त्यात न्यूट्रल असा नाहीच. तिथे बाँड मारला तर सरळ शॉर्ट. हात लावू नका, कंपनीला विचारा. लॅम्पची टेस्ट केल्याशिवाय जंपर मारणाऱ्यांचं मशीन जळतं ते बऱ्याचदा इथे.

पायरी २: मॅन्युअलमधली बरोबर आकृती शोधा

बऱ्याच मॅन्युअलमध्ये वायरिंगच्या दोन आकृत्या असतात. डेयेच्या मॅन्युअलमध्ये एक आकृती न्यूट्रल आणि पीई, म्हणजे अर्थ, डीबीत जोडलेल्या देशांसाठी आहे, तिथे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका यांची नावं दिलीत, आणि दुसरी न्यूट्रल वेगळा ठेवणाऱ्यांसाठी. आपली टीटी, म्हणजे आपल्याला दुसरी. पहिल्या आकृतीत ग्रिडचा आणि बॅकअपचा न्यूट्रल एकाच पट्टीवर दाखवलेला असतो आणि आपले लोक पान उघडलं की पहिलं चित्र बघून तसंच जोडून मोकळे होतात.

बाँडचा रिले आत असला तरी सेटिंगमध्ये बंद असू शकतो. डेयेच्या स्क्रीनवर त्याचं नाव `Signal ISLAND MODE`, ती टिक केली की ग्रिड नसताना लोड पोर्टचा न्यूट्रल इन्व्हर्टरच्या अर्थ टर्मिनलला जोडला जातो आणि ग्रिडवर आल्यावर सुटतो. नाव वाचून कोणाच्या बापाला कळणार नाही की हे बाँडिंग आहे. व्हिक्ट्रॉनच्या मल्टिप्लसमध्ये हेच `Ground relay` या नावाने आहे. बाकी कंपन्यांचं वेगवेगळं, मॅन्युअलमध्ये न्यूट्रल, पीई आणि रिले हे शब्द जिथे एकत्र येतात ते पान शोधा.

काकांच्या मशीनमध्ये रिले होता, सेटिंग बंद होती. टिक केली. बस. आधीच्या माणसाने जंपर शोधत बसण्याऐवजी मेनू बघितला असता तर हा लेखच झाला नसता.

रिले इन्व्हर्टरच्या ज्या अर्थ टर्मिनलला जोडतो ती वायर तुमच्या घराच्या अर्थ लिंकपर्यंत खरंच पोचली आहे का, तेही बघा. इन्व्हर्टरला वेगळा खड्डा आणि घराला वेगळा, असं असेल आणि दोन्ही एकमेकांना जोडलेले नसतील, तर फॉल्टचा करंट परत दोन खड्ड्यांमधून जमिनीतून जाईल. दोन्ही अर्थ जाड तांब्याच्या वायरीने एकत्र करा.

पायरी ३: रिले आत नसेल तर

मग बाहेर लावावा लागतो. लोक एक स्वस्त युक्ती करतात, ग्रिडवर कॉइल असलेला काँटॅक्टर घ्यायचा आणि त्याच्या एनसी काँटॅक्टमधून बॅकअपचा न्यूट्रल अर्थला जोडायचा. ग्रिड आहे तोवर कॉइल ओढलेली, बाँड उघडा, ग्रिड गेला की बंद. ऐकायला छान. पण आपल्याकडे लाईट "जात" नाही, कधीकधी ती १६० व्होल्टवर येऊन रेंगाळते. इन्व्हर्टर म्हणतो व्होल्टेज कमी आहे, मी सुटलो, आणि कॉइल मात्र १६० वर अजून धरून बसलेली. मग तुम्ही बॅकअपवर आहात आणि बाँड नाही. उलटही होतं, लाईट परत येताना काँटॅक्टरचा बाँड सुटायच्या आधी इन्व्हर्टरचा रिले लागला तर क्षणभर ग्रिडचा न्यूट्रल अर्थला लागतो आणि मेनची आरसीसीबी नेमकी लाईट येतानाच पडते.

म्हणून कॉइल ग्रिडवरून देऊ नका, इन्व्हर्टरच्याच सिग्नलवर चालवा, सुटल्याचा सिग्नल देणारा ड्राय काँटॅक्ट किंवा एटीएस आउटपुट बऱ्याच मशीनला असतो. काँटॅक्ट पूर्ण फॉल्ट करंट झेलणारा पाहिजे, कंट्रोल पॅनलमधला पाच अँपचा चिमुकला रिले नाही. ३२ अँपचा काँटॅक्टर आणि ४ चौरस मिमी वायर ५ किलोवॅटला चालते. आणि कंपनीने बाहेरून बाँड करायला परवानगी दिली आहे का ते लेखी विचारून घ्या, ट्रान्सफॉर्मर नसलेल्या काही मशीनला ते चालत नाही.

पायरी ४: आरसीसीबी आणि न्यूट्रलच्या पट्ट्या जागेवर लावा

काकांच्या घरात एकच ३० मिलिअँपची आरसीसीबी होती, मीटरनंतर. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर ग्रिडपासून सुटतो, म्हणजे ती आरसीसीबी बॅकअपच्या सर्किटमध्ये राहतच नाही. बाँड कितीही बरोबर केला तरी पडायला तिथे कोणी नाही. आणि एमसीबीवर भिस्त ठेवू नका, ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर रेटेड २२ अँप देतो, फॉल्टमध्ये थोडा वेळ दुप्पट देईल नाहीतर स्वतःच बंद पडेल, आणि सी कर्व्हच्या ३२ अँपच्या एमसीबीला झटक्यात पडायला १६० च्या वर लागतात.

म्हणून बॅकअप आउटपुट, मग ४० अँप ३० मिलिअँप डबल पोल आरसीसीबी, मग बॅकअपच्या एमसीबी. टाइप ए घ्या, इन्व्हर्टर फ्रिज आणि वॉशिंग मशीन असलेल्या घरात साधा एसी टाइप अपुरा पडतो. जुनी ३० ची काढून बॅकअपवर नसलेल्या लोडला दिली, गिझर, एसी वगैरे. मेनला १०० मिलिअँपची टाइम डिलेवाली, म्हणजे छोट्या फॉल्टला आधी खालची पडते आणि मेन उभी राहते.

बॅकअपच्या न्यूट्रलची पट्टी पूर्ण वेगळी. एकही न्यूट्रल इकडचा तिकडे नको. जुन्या घरात हे सगळ्यात जास्त दमवतं, कारण जिन्याच्या टू-वे दिव्याला फेज एका सर्किटमधून आणि न्यूट्रल दुसऱ्यातून घेतलेला असतो. असा एक दिवा बॅकअपवर घेतलात की तो लावला रे लावला की आरसीसीबी पडते, आणि बाँडचा त्यात काहीच दोष नसतो.

आणि जंपर आरसीसीबीच्या पुढे, लोडच्या बाजूला राहिला तर? दोन शक्यता. आत रिले पण चालू असेल तर दोन ठिकाणी बाँड, न्यूट्रलचा करंट दोन वाटांनी परत जातो आणि बॅकअपवर गेल्यावर थोडा लोड आला की आरसीसीबी पडते. आत रिले नसेल तर मात्र काहीच पडत नाही आणि ते जास्त वाईट, कारण फॉल्टचा करंट अर्थमधून जंपरवर, जंपरवरून न्यूट्रलमध्ये आणि तिथून आरसीसीबीच्या आतूनच परत जातो. तिला गेला तेवढाच परत दिसतो. बाँड आहे, आरसीसीबी आहे, टेस्टर न्यूट्रलवर पेटत नाही, आणि संरक्षण शून्य.

पायरी ५: टेस्ट, आणि टी बटणावर विश्वास ठेवू नका

आरसीसीबीवरचं टी बटण दाबलं, पडली, झालं चेक, असं सगळे करतात. पण ते बटण आतल्या रेझिस्टरमधून एका बाजूची फेज दुसऱ्या बाजूच्या न्यूट्रलला जोडतं, अर्थचा त्यात संबंधच नाही. न्यूट्रल पूर्ण तरंगता असला तरी बटणावर ती झकास पडते. बटण फक्त आरसीसीबीची यंत्रणा ठीक आहे एवढंच सांगतं, बाँडबद्दल एक अक्षर नाही.

खरी टेस्ट फेज ते अर्थ करंट सोडून करायची. आरसीडी टेस्टर असेल तर उत्तम, ३० मिलिअँपला ३०० मिलिसेकंदाच्या आत पडली पाहिजे. नसेल तर तोच १५ वॅटचा लॅम्प सॉकेटच्या फेज आणि अर्थमध्ये, २३० व्होल्टला साधारण ६५ मिलिअँप जातो, म्हणजे लागताक्षणी पडायलाच हवी. लॅम्प लावण्याआधी घरातली सगळी उपकरणं प्लगमधून काढा आणि कोणाला बॉडीला हात लावू देऊ नका, कारण अर्थची वायर कुठे तुटलेली असेल तर लॅम्पमधून बॉडीवर व्होल्टेज येऊ शकतं. ही टेस्ट दोनदा, एकदा लाईट असताना आणि एकदा डीपी खाली करून बॅकअपवर.

काकांकडे लाईटवर लॅम्प लावला, बॅकअपची पडली, मेनची राहिली. डीपी खाली केला, परत लावला, पडली. सेटिंगची टिक मुद्दाम काढून बघितलं तर बॅकअपवर लॅम्पही पेटला नाही आणि आरसीसीबीही हलली नाही, आणि टी बटण दाबलं तर खटकन पडली. काका बघतच राहिले. टिक परत केली. मग लाईटवर न्यूट्रल-अर्थ मोजलं, संध्याकाळचे तीन व्होल्ट तसेच होते, म्हणजे ग्रिडवर बाँड उघडा आहे. हे तीन व्होल्ट दिसणं चांगलं लक्षण. टीटी घरात भर लोडला तिथे पक्कं शून्य दिसलं तर कुठेतरी जंपर लपलाय, शोधा. त्यांच्याकडे दुसरा नव्हता, पण एका दुसऱ्या घरात जुन्या साध्या इन्व्हर्टरच्या थ्री-पिन प्लगमध्ये कोणीतरी न्यूट्रल-अर्थ पिना जोडलेल्या सापडल्या होत्या.

जंपरचा तुकडा डीबीच्या दारावर चिकटवून शेजारी मार्करने लिहिलं, "बाँड इन्व्हर्टरच्या आत आहे, इथे जोडू नये", आणि सेटिंगचं नाव आणि तारीख. कारण मशीन बदललं, फॅक्टरी रीसेट झालं किंवा फर्मवेअर अपडेट केलं की ती टिक जाऊ शकते, लाईट असताना कोणाला पत्ता लागणार नाही, आणि पुढचा वायरमन टेस्टर लावून म्हणेल न्यूट्रलला फेज येतोय.